आधी कोणाला हरलात?

२०२० च्या मार्चअखेरीस देशभर दारे बंद झाली, तेव्हा सांगलीच्या बाजारपेठेत हळदीचा हंगाम ऐन भरात होता. सौदे थांबले, हमाल गावी गेले, अडतीच्या दुकानांची फळ्यांची दारे दिवसाही मिटलेली दिसू लागली. पंचेचाळीस वर्षे सकाळी नऊच्या ठोक्याला गादीवर बसणारे एक आजोबा त्या दिवसांत प्रथमच घरात दुपारचे दिसू लागले. घरातल्यांना त्याची सवय नव्हती आणि त्यांनाही नव्हती. अशा वेळी २८ मार्चपासून डीडी भारतीवर बी. आर. चोप्रांचे ‘महाभारत’ पुन्हा सुरू झाले, दुपारी बारा आणि संध्याकाळी सात असे दिवसातून दोन वेळा. आजोबांची दुपार आणि संध्याकाळ दोन्ही त्या क्षणी भरून गेल्या.

त्यांची नात पुण्याहून घरी येऊन अडकली होती. तिच्या पिढीचे महाभारत वेगळे. १६ सप्टेंबर २०१३ ते १६ ऑगस्ट २०१४ या काळात स्टार प्लसवर सिद्धार्थ कुमार तिवारी यांनी सादर केलेली मालिका तिने शाळेत असताना रोज रात्रीच्या जेवणाबरोबर पाहिली होती. सौरभ राज जैन यांचा कृष्ण आणि शहीर शेख यांचा अर्जुन हे तिच्या लेखी खरे कृष्णार्जुन. नितीश भारद्वाज यांचे स्मित पाहून तिला काही आठवत नसे; आजोबांना मात्र ते दिसताच १९८८ मधील दोन ऑक्टोबरचा रविवार आठवे. त्या दिवसापासून २४ जून १९९० पर्यंत दर रविवारी सकाळी त्यांची बैठकीची खोली शेजाऱ्यांनी भरलेली असे.

मग घरात एक पैज लागली. दुपारी जुनी मालिका पाहायची, रात्री नातीच्या मोबाइलवरून नव्या मालिकेतला तोच प्रसंग मोठ्या पडद्यावर लावायचा आणि कोणती सरस ते ठरवायचे. आजी बहुधा आतबाहेर करीत असत. त्या या पैजेत नव्हत्या.

सुरुवातीचे काही दिवस वाद बाह्यरूपावरच चालला आणि त्यात आजोबांची बाजू लंगडी होती हे कबूल केले पाहिजे. जुन्या मालिकेतील मुकुट पुठ्ठ्याचे वाटतात, दोन बाण आकाशात समोरासमोर येऊन एकमेकांना भिडतात तेव्हा नात खुदकन हसे, आणि राजवाड्याचे खांब रंगवलेले आहेत हे लपत नाही. गोरेगावच्या चित्रनगरीत उभारलेल्या त्या महालांपुढे गुजरातच्या सीमेवर उमरगावला उभारलेली नवी हस्तिनापूरनगरी डोळे दिपवते. नव्या मालिकेच्या वेशभूषेला भानू अथैया यांचा हात लागला होता. ‘गांधी’ चित्रपटासाठी ऑस्कर मिळवणाऱ्या या बाई मूळच्या कोल्हापूरच्या, हे आजोबांना ठाऊक होते, आणि त्यामुळे त्यांनी कापडाच्या बाबतीत नातीला विनातक्रार विजय देऊन टाकला. शीर्षकगीताला अजय-अतुल यांचे संगीत आहे असे कळल्यावर ते थोडे अधिकच नरमले.

एक हिशेब मात्र त्यांनी स्वतः काढला. नवी मालिका ‘उगाच लांबवलेली’ आहे हा त्यांचा पहिल्यापासूनचा आक्षेप होता. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडले. जुन्या मालिकेचे भाग ९४, प्रत्येकी सुमारे पंचेचाळीस मिनिटे, म्हणजे एकंदर सत्तर तास. नव्या मालिकेचे भाग २६७, जाहिराती वगळल्या तर प्रत्येकी सुमारे वीस मिनिटे, म्हणजे एकोणनव्वद तास. एवढीशी वाढ पाहून ते स्वतःच चकित झाले. कथा चौपट लांबलेली नव्हती. फार तर सव्वापट झाली होती. मग ती इतकी लांब का वाटते? उत्तर त्याच कागदावर होते. जुनी मालिका चौऱ्याण्णव वेळा थांबते आणि नवी दोनशे सदुसष्ट वेळा. ज्या गोष्टीला रोज थांबायचे असते, तिला रोज एक टोक काढावे लागते, म्हणजे प्रेक्षक उद्या परत येईल. वीस मिनिटांच्या शेवटी कोणी तरी तलवार उपसतो, कोणाचे तरी डोळे विस्फारतात, संगीत चढते आणि पडदा मिटतो. दुसऱ्या दिवशी कळते की तलवार उपसली खरी, पण चालवली नाही. सत्तर तासांची जुनी मालिका आठवड्याने भेटत असल्यामुळे तिला अशी टोके थोडी पुरत. रविवारी पाहिलेल्या प्रसंगावर शनिवारपर्यंत पेठेत बोलणे होई, आणि ते बोलणे हाही त्या मालिकेचाच एक भाग असे. कोण बरोबर, कोण चूक, याचा खल दुकानाच्या ओट्यावर होई. रोजच्या मालिकेत असा खल व्हायच्या आत पुढचा भाग येऊन उभा राहतो.

खरी परीक्षा झाली ती द्यूताच्या प्रसंगात. उन्हाळा चढत होता, दुकान बंदच होते, आणि जुन्या मालिकेत शकुनीने फासे हातात घेतले होते.

हा प्रसंग बहुतेकांना ‘वस्त्रहरण’ या एका शब्दाने आठवतो, आणि त्या शब्दाने त्यातील खरा पेच झाकला जातो. व्यासांच्या सभापर्वात हा प्रसंग मुळात एका प्रश्नाचा आहे, आणि तो प्रश्न मालकीचा आहे. म्हणूनच व्यापाऱ्याच्या घरी तो इतर घरांपेक्षा थोडा अधिक उमजायला हवा. युधिष्ठिर आधी मोती लावतो, सोन्याची भांडारे लावतो, रथ, दासदासी, हत्ती, घोडे, गोधन आणि शेवटी भूमी. सगळे जाते. मग तो नकुलाला लावतो, नंतर सहदेवाला. इथे शकुनी एक वाक्य टाकतो आणि ते मूळ ग्रंथात आहे: माद्रीचे मुलगे लावलेस, पण कुंतीचे तुला अधिक प्रिय दिसतात. सावत्रपणाच्या त्या एका डंखाने अर्जुन आणि भीम पणाला लागतात. त्यांच्यानंतर युधिष्ठिर स्वतःला लावतो आणि हरतो. आणि सगळे संपले असे वाटत असताना शकुनी आठवण करून देतो की द्रौपदी अजून शिल्लक आहे.

दुर्योधनाचा सूत, म्हणजे प्रातिकामी, तिला आणायला अंतःपुरात जातो तेव्हा ती रडत नाही आणि येतही नाही. ती त्याला परत पाठवते एक प्रश्न घेऊन: आपल्या राजाला विचारून ये, त्याने आधी कोणाला हरले, स्वतःला की मला?

हा प्रश्न ऐकून आजोबा सरसावून बसले आणि नातीला समजावू लागले. पेढीच्या भाषेत तो असा आहे. एका मनुष्याने दिवाळे जाहीर केले, किल्ल्या, वह्या, गादी सगळे सावकाराच्या हवाली केले, स्वतःही त्याचा नोकर होऊन बसला. त्यानंतर दुसऱ्या दिवशी तो एखाद्या कागदावर सही करून म्हणाला की माझ्या भागीदाराचा हिस्साही तुम्ही घ्या. त्या सहीला किंमत काय? ज्याच्यापाशी स्वतःचेच काही उरले नाही, तो दुसऱ्याचे काय गहाण टाकणार? भागीदाराला विचारले होते का, हा तर पुढचा प्रश्न. त्याच्या आधी सही करणाऱ्याला हक्कच उरला होता का, हा पहिला. द्रौपदीने नेमका तोच धागा पकडला आहे. ती दयेची भीक मागत नाही; तो व्यवहार कायदेशीर झाला का, एवढेच विचारते.

या प्रश्नाला भर सभेत कोणी उत्तर देत नाही. भीष्म जे म्हणतात ते मूळ ग्रंथात वाचण्यासारखे आहे, कारण ते भित्र्याचे उत्तर नाही, गोंधळलेल्याचे आहे. ज्याची स्वतःवर मालकी नाही तो दुसऱ्याचे धन पणाला लावू शकत नाही, हे एकीकडे. पण पत्नी पतीच्या अधीन असते, हे दुसरीकडे. धर्म सूक्ष्म आहे, मला निर्णय देता येत नाही. कौरवांतील धाकटा विकर्ण उठतो आणि म्हणतो की ती जिंकली गेलेलीच नाही: ती पाचांची, एकट्याने तिला लावली, तीही स्वतःला हरल्यावर, आणि तीही शकुनीने सुचवल्यावर. एवढा स्पष्ट मुद्दा सभेत दुसऱ्या कोणी मांडत नाही. कर्ण त्याला पोरगेले म्हणून खाली बसवतो. हे सगळे घडत असताना कृष्ण हस्तिनापुरात नाही. तो शाल्वाशी लढण्यात गुंतलेला होता आणि आपण तिथे असतो तर हा खेळ होऊच दिला नसता, असे तो पुढे वनपर्वात पांडवांना सांगतो.

आता दोन मालिका या एका प्रश्नाचे काय करतात ते पाहावे.

जुन्या मालिकेची पटकथा आणि संवाद राही मासूम रझा यांचे. ‘आधा गाँव’ लिहिणारा हा कादंबरीकार गाझीपूरचा, म्हणजे गंगाकाठचा. त्यांनी दोन गोष्टी अशा केल्या की आता त्या मूळ महाभारतातच असाव्यात असे लोकांना वाटते. एक म्हणजे ‘पिताश्री’, ‘माताश्री’, ‘भ्राताश्री’ ही संबोधने. दुसरी त्याहून मोठी: कथा सांगण्यासाठी त्यांनी व्यास घेतले नाहीत, संजय घेतला नाही, काळालाच उभे केले. ताऱ्यांनी भरलेले अंधारे अवकाश, त्यात फिरणारे चक्र आणि हरीश भिमानी यांचा आवाज. हा काळ सगळे पाहतो आणि कशातही हात घालत नाही. त्याला कोणाची बाजू नाही. त्यामुळे द्यूतसभेत द्रौपदीचा प्रश्न अनुत्तरित राहतो तेव्हा प्रेक्षकाला कोणाचाच आधार उरत नाही. काळ उत्तर देणार नाही हे त्याला माहीत असते. सभेतील पांढऱ्या दाढ्या खाली पाहत असतात, रूपा गांगुली यांची द्रौपदी एकेकापुढे जाऊन तेच विचारते, आणि पाहणाऱ्याला आपणही त्याच सभेत एका आसनावर बसलो आहोत असे वाटू लागते. हे वाटणे सुखाचे नाही. १९८९ मध्ये अनेक घरांत तो भाग संपल्यावर लोक थोडा वेळ उठलेच नव्हते, असे त्या पिढीतली माणसे सांगतात.

नव्या मालिकेने काळाला रजा दिली आणि सूत्रधाराची जागा कृष्णाला दिली. हा बदल पोशाखाहून, महालांहून कितीतरी खोलवर जाणारा आहे. भागाच्या ओघात कथा थांबते, कृष्ण सरळ प्रेक्षकाकडे पाहतो, मोह, अहंकार, भय, स्वाभिमान अशा एखाद्या विषयावर शांत स्वरात चार वाक्ये बोलतो आणि शेवटी स्वतःच विचार करा असे म्हणून निरोप घेतो. सौरभ राज जैन यांच्या संयमित बोलण्यामुळे ही निरूपणे तरुण मुलांना आवडली; नातीला त्यांतली काही पाठ होती. पण ‘स्वतः विचार करा’ असे सांगण्याच्या आधी विचार बराचसा करून दिलेला असतो. द्यूतसभेत याचा परिणाम स्पष्ट दिसतो. सभा निरुत्तर असली तरी प्रेक्षक निरुत्तर राहत नाही. सर्व जाणणारा आणि प्रेमळ असा कोणी तरी आपल्या शेजारी बसून आहे, तो येणार आहे, हे त्याला आरंभापासून ठाऊक असते. त्यामुळे पाहणारा सभेच्या आसनावरून उठून कृष्णाच्या बाजूला जाऊन बसतो. तिथून सभा पाहणे सोपे जाते.

याला जोडून मांडणीचा दोष येतो. तीच घटना नव्या मालिकेत संध्याकाळमागून संध्याकाळ चालते. एक वाक्य बोलले गेले की प्रत्येक चेहरा पडद्यावर येतो: भीष्म, द्रोण, विदुर, धृतराष्ट्र, कर्ण, पाच पांडव, पुन्हा भीष्म. गती मंदावलेली, खाली ढोल, वर आलाप. पहिल्या दिवशी याने अंगावर काटा येतो. तिसऱ्या दिवशी प्रेक्षकाचे लक्ष प्रश्नावरून उडून चेहऱ्यांवर जाते, आणि कोण किती रडले हे तो मोजू लागतो. आधी कोणाला हरलात, हा धारदार हिशेब त्या अश्रूंत विरघळतो. प्रसंग कुठे बिघडला हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे: भाग पाहून उठलेल्याला द्रौपदीने काय विचारले ते विचारावे. जुनी मालिका पाहून उठलेल्यांपैकी बरेच जण सांगतील. नवी पाहून उठलेले बहुधा तिला काय सोसावे लागले ते सांगतील.

इथवर आजोबांचा जय झाला असे म्हणता आले असते. पण त्यांच्या आठवणीनेच त्यांना दगा दिला. जुना भाग लागण्याआधी त्यांनी नातीला ठासून सांगितले होते की भीष्म त्या सभेत गरजतात, सिंहासनावरून उठतात, दुर्योधनाला झापतात. मुकेश खन्ना यांचा तो भारदस्त आवाज त्यांच्या कानात इतकी वर्षे होता. प्रत्यक्ष पडद्यावर भीष्म काहीच थांबवू शकले नाहीत. शपथेने बांधलेला तो म्हातारा बघत राहिला. दुसऱ्या कुठल्या तरी प्रसंगातील गर्जना आजोबांनी एकतीस वर्षांत उचलून इथे आणून ठेवली होती. त्यांना ते मानवेना. भाग कापला असेल, असे ते म्हणाले. कापलेला नव्हता. आपल्या आवडत्या वडीलधाऱ्याने त्या वेळी काही तरी केले असेल, असे मनाने परस्पर लिहून टाकले होते. जुनी मालिका आठवणाऱ्या माणसाने ती नव्याशी ताडून पाहण्याआधी एकदा पुन्हा पाहावी हे बरे, कारण पुष्कळदा तुलना होते ती नव्या मालिकेची आणि आठवणीतल्या मालिकेची. आणि आठवणीत मुकुट सोन्याचेच असतात.

कृष्णाच्या धावून येण्याचाही एक गुंता आहे. दोन्ही मालिकांत द्रौपदी त्याला हाक मारते आणि वस्त्र संपत नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत देशभरच्या हस्तलिखितांची तुलना करून महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्या मुख्य संहितेत ही हाक नाही; ती तळटीपांत, नंतरची भर म्हणून ठेवली आहे. तिथे वस्त्रे येत राहतात एवढेच आहे. हे कळले की दोन्ही मालिका एकाच परंपरेच्या, म्हणजे भक्तीच्या, बाजूने उभ्या आहेत हे ध्यानात येते. फरक प्रमाणाचा आहे. जुनीत कृष्ण ऐन वेळी येतो. नवीत तो कधी गेलेलाच नसतो.

नव्या मालिकेच्या बाजूने एक गोष्ट मात्र ठामपणे सांगायला हवी, आणि ती जुनी मालिका डोक्यावर घेणाऱ्यांच्या तोंडून सहसा येत नाही. पूजा शर्मा यांची द्रौपदी बोलते. जन्माला आल्यापासून ती कोण आहे, तिला काय हवे, कृष्ण तिचा सखा कसा झाला, पाच भावांत वाटली जाताना तिच्या मनात काय झाले, यासाठी नव्या मालिकेने सवड काढली आहे. ती सभेत येते तेव्हा प्रेक्षक तिला चांगले ओळखत असतो. सभेत ती पतींना एकेकाला जाब विचारते, आणि हा जाब नुसत्या हक्काचा नाही. मला विचारले होते का, हा दुसरा प्रश्न, जो मूळ प्रश्नाच्या मागे दबून असतो, तो नव्या मालिकेत वर येतो. जुन्या मालिकेत तो आहे, पण पहिल्या प्रश्नाच्या तर्कात तो थोडा झाकला जातो. युधिष्ठिराला हक्क उरला नव्हता असे सिद्ध झाले तर द्रौपदी सुटते. पण हक्क असता तर? स्वतःला लावण्याआधी त्याने तिला लावले असते तर तो व्यवहार चोख झाला असता का? पेढीचे उदाहरण इथे अपुरे पडते. भागीदार म्हणजे हत्ती-घोड्यांच्या यादीतला जिन्नस नव्हे.

हे शेवटचे नातीने म्हटले. रात्री नवी मालिका संपली होती आणि आजोबा आपले दिवाळखोराचे उदाहरण पुन्हा घोळवीत होते. ती म्हणाली, “आजोबा, पण ज्याचं दिवाळं निघालेलं नाही त्यानं विचारायला नको का?”

आजोबा म्हणाले, “विचारायला हवंच. घरात विचारल्याशिवाय काही होतं का?”

आजी आतून पाण्याचा तांब्या घेऊन येत होत्या. त्यांनी तो स्टुलावर ठेवला.

मालिका संपली त्याच्या पुढच्या वर्षी, १९९१ मध्ये, परगावच्या एका खरेदीदाराकडे आजोबांची मोठी रक्कम अडकली होती. शेतकऱ्यांची पट्टी चुकती करायची होती आणि आडत्याची पत एकदा गेली की परत मिळत नाही. त्या वेळी आजीच्या चार पाटल्या आणि माहेरचे गोठ एका पेढीवर गहाण गेले. चौदा महिन्यांनी ते सोडवून आणले. घरात ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाई: आजोबांनी एकाही शेतकऱ्याचा पैसा बुडवला नाही. ती खरीही होती. नातीने ती लहानपणापासून ऐकली होती, आणि आता तिला तीच आठवली असावी, कारण तिने वळून आजीकडे पाहिले.

“आजी, पाटल्यांच्या वेळी तुला विचारलं होतं?”

“सांगितलं होतं,” आजी म्हणाल्या.

आजोबांनी तोंड उघडले आणि मिटले. त्यांनी त्या दिवसाची आठवण केली असेल. कदाचित तीतही त्यांनी आपल्या तोंडी काही तरी घातलेले असेल, जसे भीष्मांच्या तोंडी घातले होते. “तू नाही म्हटली असतीस का?” त्यांनी शेवटी विचारले.

“नसते म्हटले. शेतकऱ्यांचे पैसे होते.” आजींनी पदराने तांब्याचा तळ पुसला. “पण ते कळायला विचारावं लागतं ना.”

त्यानंतर कोणी काही बोलले नाही. नातीने मोबाइल चार्जिंगला लावला. वरच्या मजल्यावर कोणाचा तरी पंखा कुरकुरत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी जुन्या मालिकेत धृतराष्ट्राने वर देऊ केले. मूळ कथेप्रमाणे द्रौपदीने पहिल्याने युधिष्ठिराला सोडवले, दुसऱ्याने उरलेल्या चौघांना त्यांच्या शस्त्रांसह, आणि तिसरा वर नाकारला. स्वतःसाठी तिने काहीच मागितले नाही. मागितले असते तर आपण दासी झालो होतो हे मान्य केल्यासारखे झाले असते. आजोबांना हे पूर्वी कधी सुचले नव्हते. ते त्यांनी नातीला सांगितले नाही, आजीला सांगितले. आजी डाळ निवडत होत्या. त्यांनी मान हलवली.

पण फासे पुन्हा पडणार होते. त्या सुटकेनंतर पांडवांना वाटेतून परत बोलावले जाते, पुन्हा खेळ होतो आणि बारा वर्षांचा वनवास व एक वर्षाचा अज्ञातवास पदरी पडतो. या दुसऱ्या द्यूताचा विसर बहुतेकांना पडतो, आणि जुन्या मालिकेच्या अनेक चाहत्यांनाही तो पडलेला असतो. एकदा हात पोळलेला माणूस पुन्हा त्याच पटावर का बसतो, हे युधिष्ठिराचे कोडे द्रौपदीच्या प्रश्नाइतकेच अवघड आहे, आणि त्याला दोन्ही मालिका पुरेसा वेळ देत नाहीत.

संध्याकाळी सात वाजायच्या सुमारास आजोबा रिमोट हातात घेऊन बसले होते. पैजेचा निकाल अजून लागला नव्हता आणि तो कोणी मागतही नव्हते. आजी हात पुसत बाहेर आल्या, तेव्हा त्यांनी खुर्ची थोडी सरकवून जागा केली.

“कोणती लावू?” त्यांनी विचारले. “जुनी की नवी?”

आजी थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या.

“नवी लावा,” त्या म्हणाल्या. “तीत ती जास्त बोलते.”